मोजपट्टीच ताणली गेली तर?

आजच्या विषयाची सुरुवात आपण एका जुन्या कोड्याने करू. आँरी प्वाँकारे या फ्रेंच गणितज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक विचारप्रयोग मांडला होता. समजा, आज रात्री आपण झोपेत असताना विश्वातली प्रत्येक गोष्ट कितीतरी पट मोठी झाली. घर मोठं, खाट मोठी, आपण मोठे आणि कपाटातली मोजपट्टीही त्याच प्रमाणात मोठी. सकाळी उठल्यावर आपल्याला हे कळेल का? प्वाँकारेंचं उत्तर होतं, नाही कळणार. आणि जे कोणत्याही मापनाने कळूच शकत नाही, ते 'घडलं' असं म्हणण्याला तरी काय अर्थ?

आम्ही तत्त्वज्ञानवाले हे कोडं वर्गात शिकवतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पण भौतिकशास्त्रात हेच कोडं जवळजवळ ४० वर्षं एका खऱ्या अडचणीच्या रूपात उभं होतं. गुरुत्वीय लहर म्हणजे काय? दोन अतिजड वस्तू एकमेकींभोवती वेगाने फिरल्या, की त्यांच्या हालचालीने जागाच किंचित ताणली-आकसली जाते आणि ती थरथर प्रकाशाच्या वेगाने चहूकडे पसरते. लहर आपल्यावरून जाते तेव्हा एका दिशेने जागा ताणली जाते, तिच्या काटकोनात आकसते, आणि पुढच्या क्षणी उलट होतं. ठीक आहे. पण जागा ताणली गेली तर त्या जागेतली मोजपट्टीही ताणली जाणार ना? मग मोजायचं कशाने?

आज आपण दोनच प्रश्नांचा इतिहास पाहणार आहोत. पहिला, जागेचं ताणणं मुळात कळू शकतं का? दुसरा, आपल्या उपकरणात काही हललं, तर ते आकाशातून आलं की शेजारच्या रस्त्यावरून, हे ठरवायचं कसं? दुसरा प्रश्न दिसतो साधा, पण माणसांची आयुष्यं खर्ची पडली ती त्याच्यावर.

आइनस्टाइन यांनी १९१६ साली या लहरींचं भाकीत केलं. पण त्यांचा स्वतःचाच त्यावर पक्का विश्वास नव्हता. १९३६ मध्ये नेथन रोझेन यांच्यासोबत लिहिलेल्या एका लेखात ते अशा निष्कर्षाला आले होते की या लहरी अस्तित्वातच नाहीत. पुढे गणितातली चूक लक्षात आली आणि लेख बदलला गेला. मूळ शंका मात्र राहिलीच. समीकरणात जी लहर दिसते ती खरोखरची घटना आहे, की आपण जागेवर आखलेल्या रेघाच फक्त हलताहेत? नकाशावरच्या अक्षांश-रेखांशाच्या रेघा सरकवल्या म्हणून गावं काही सरकत नाहीत. तसाच हा प्रकार असला तर?

याचं उत्तर १९५७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, चॅपल हिल इथे भरलेल्या एका परिषदेत मिळालं. फेलिक्स पिरानी यांनी तिथे सांगितलं की एका बिंदूचं काय होतं ते पाहू नका, जवळजवळच्या दोन मोकळ्या कणांमधलं अंतर कसं बदलतं ते पाहा. आणि रिचर्ड फाइनमन यांनी तोच विचार एका साध्या चित्रात आणला. एक कडक दांडी घ्या. तिच्यावर दोन मणी ओवा, थोडे घट्ट, पण सरकतील असे. आता लहर आली. मणी मोकळे आहेत, त्यामुळे जागेबरोबर त्यांच्यातलं अंतर बदलेल. दांडी मात्र मोकळी नाही. तिचे अणू एकमेकांना विद्युत्‌बलाने घट्ट धरून आहेत, आणि ते बल दांडीला तिच्या मूळ लांबीवर राखायला बघतं. म्हणजे मणी दांडीवर मागेपुढे घासले जाणार. घासले की उष्णता निर्माण होणार. आणि उष्णता काही नकाशावरची रेघ नव्हे. ती कुठून तरी आली, म्हणजे लहरीने ऊर्जा आणली.

प्वाँकारेंच्या कोड्याला इथे उत्तर मिळतं. सगळंच सारख्या प्रमाणात ताणलं गेलं तर कळणार नाही, हे खरं. पण इथे सगळं सारखं ताणलं जात नाही. मोकळ्या वस्तू जागेबरोबर जातात, बांधलेल्या वस्तू विरोध करतात. शिवाय एक दिशा ताणली जाते तेव्हा दुसरी आकसते. फरक आहे, म्हणून मापन शक्य आहे.

त्या परिषदेत मेरिलंड विद्यापीठाचे जोसेफ वेबर हजर होते. त्यांनी ठरवलं की आपण हे प्रत्यक्ष करायचं. त्यांनी अॅल्युमिनियमचे भक्कम दंडगोल तयार केले, सुमारे दीड मीटर लांब आणि हजार किलोहून जड. ते तारेवर आडवे टांगले आणि मधोमध असे स्फटिक चिकटवले, जे दाबले गेले की विजेचा सूक्ष्म दाब देतात. कल्पना घंटेची होती. प्रत्येक घंटेचा आपला एक सूर असतो. वेबरांच्या दंडगोलाचा सूर सेकंदाला सुमारे १,६६० कंपनांचा होता. त्याच सुराची लहर आली तर दंडगोल हलकेच निनादेल, असा हिशेब.

पण दंडगोल तर उष्णतेनेही सतत थरथरतच असतो. मग निनाद कुणाचा? वेबरांनी यावर जी युक्ती काढली ती महत्त्वाची आहे. त्यांनी एक दंडगोल मेरिलंडमध्ये ठेवला आणि दुसरा सुमारे १,००० किलोमीटर दूर शिकागोजवळ. दोन्ही एकाच क्षणी निनादले तर कारण स्थानिक नसणार. अर्थात योगायोगानेही दोन्ही एकदम निनादू शकतात. असे योगायोग किती, हे कळायला त्यांनी एका दंडगोलाची नोंद मुद्दाम काही वेळाने मागे सरकवली आणि मग दुसऱ्याशी ताडून पाहिली. आता जुळणी सापडली तर ती निव्वळ योगायोगाचीच, कारण खरी लहर दोघांना अशा वेगवेगळ्या वेळी गाठणार नाही. न सरकवता ज्या जुळण्या मिळतात, त्या सरकवून मिळणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त भरल्या तर ती वाढ आकाशाची. १९६९ साली वेबरांनी जाहीर केलं की अशी वाढ दिसते आहे.

जगभर खळबळ उडाली. अनेक प्रयोगशाळांनी दंडगोल टांगले. कुणालाच काही मिळेना. आणि मग जे उघडकीस आलं ते बघा. रॉचेस्टर इथे डेव्हिड डग्लस यांचा दंडगोल होता. वेबरांनी आपली नोंद त्यांच्या नोंदीशी ताडली आणि जुळण्या जास्त सापडल्याचं सांगितलं. नंतर कळलं की एका नोंदीतली वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या उन्हाळी घड्याळाची होती आणि दुसरीतली ग्रीनिचची. दोन्हींत ४ तासांचं अंतर! म्हणजे वेबरांनी ज्या नोंदी 'एकाच क्षणाच्या' म्हणून जुळवल्या त्यांच्यात ४ तास सरकलेले होते. त्यांच्याच कसोटीप्रमाणे तिथे योगायोगापलीकडे काहीही मिळायला नको होतं. तरीही मिळालं. मग ते येत होतं कुठून? नोंदी निवडण्याच्या पद्धतीतून. डग्लस यांनी वेबरांच्या संगणकीय कार्यक्रमातली एक चूकही दाखवून दिली. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेकांचा त्या दाव्यावरचा विश्वास उडाला होता. वेबर मात्र २००० साली वारले तोवर आपल्या म्हणण्यावर ठाम होते.

इथे आपण घाईने निकाल देऊ नये. वेबरांचा दावा पडला, पण तो पडला कशाने? त्यांनीच वापरलेल्या कसोटीने. कसोटी चांगली होती. वापरात ढिलाई झाली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हीच कसोटी परत येणार आहे.

दरम्यान दुसरा मार्ग तयार होत होता. दंडगोल निनादण्याची वाट बघण्याऐवजी दूर दूर ठेवलेल्या मोकळ्या वस्तूंमधलं अंतर प्रकाशाने मोजायचं. रशियात गेर्त्सेन्श्टाइन आणि पुस्तोवोइत यांनी १९६२ मध्ये हे सुचवलं होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये रायनर वाइस यांनी १९७२ च्या एका अहवालात त्याचा संपूर्ण हिशेब मांडला. त्या अहवालाचा मोठा भाग लहरींबद्दल नाही, गोंगाटाबद्दल आहे. जमीन हलेल, लेसर थरथरेल, नळीत हवा उरेल, आरसे उष्णतेने कापतील. यांतलं प्रत्येक किती बिघडवेल, याची जंत्री. त्यातूनच पुढे लायगो उभं राहिलं. अमेरिकेच्या दोन टोकांना, हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे, एकमेकांपासून सुमारे ३,००० किलोमीटरवर, दोन जुळी यंत्रं.

यंत्राची रचना इंग्रजी 'एल' अक्षरासारखी आहे. काटकोनात दोन बाहू, प्रत्येक ४ किलोमीटर लांब, आतून हवा काढून घेतलेली नळी. कोपऱ्यात लेसरचा झोत दोन भागांत विभागतो. एकेक भाग एकेका बाहूत जातो, टोकाच्या आरशावरून परततो आणि दोन्ही पुन्हा कोपऱ्यात भेटतात. प्रकाश ही लाट आहे. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडला की दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. बाहेर पडायच्या दारात जवळजवळ अंधार राहील, असं यंत्र जुळवून ठेवलेलं असतं. लहर आली, एक बाहू लांबला, दुसरा आखूड झाला, की जुळणी मोडते आणि त्या दारात उजेडाची किंचित चाहूल लागते. दिसायला एवढंच.

आता कुणी हात वर करेल, की सर, प्रकाशाची लाटही त्याच जागेत आहे, तीही ताणली जाईल की! शंका रास्त आहे. रबराची एक पट्टी घ्या. तिच्यावरून मुंग्या एकामागून एक चालल्या आहेत, दर सेकंदाला एक मुंगी पट्टीवर चढते, सगळ्यांची चाल सारखी. आता पट्टी ताणली. त्या क्षणी पट्टीवर असलेल्या मुंग्यांमधलं अंतर वाढलं, बरोबर. पण त्यानंतर चढणाऱ्या मुंग्या पूर्वीसारख्याच, सेकंदाला एक अशा येताहेत. त्यांच्यातलं अंतर नेहमीचंच आहे. चालायचा रस्ता तेवढा लांबला आहे, म्हणून त्या टोकाला उशिरा पोचतात. लायगोमध्ये लेसर सतत नवा प्रकाश पाठवत असतो. आत असलेला जुना प्रकाश सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास बदलला जातो, आणि आपल्याला हवी ती लहर त्याहून कितीतरी सावकाश बदलते. म्हणजे प्रकाश इथे मोजपट्टी नाहीच. तो घड्याळ आहे. एका बाहूतले उंचवटे दुसऱ्यापेक्षा किती उशिरा पोचले, एवढंच आपण बघतो. याला मर्यादाही आहे. लहर फारच जलद असेल, प्रकाश आत असतानाच ती उलटसुलट होत असेल, तर परिणाम आपसांत पुसला जातो आणि यंत्र मंद होतं.

किती उशीर म्हणाल, तर २०१५ साली पकडलेल्या लहरीने ४ किलोमीटरच्या बाहूंत पाडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका होता. ताणण्याचं प्रमाण एकावर एकवीस शून्यं लिहून येणाऱ्या संख्येत एक भाग. आरशाचे अणूच त्याहून मोठे आहेत आणि थरथरतही असतात, मग हे कळतं कसं? झोत एका अणूवर पडत नाही, आरशावरचा कित्येक सेंटिमीटरचा भाग व्यापतो. असंख्य अणूंची सरासरी निघते आणि त्यांची वेगवेगळी थरथर एकमेकांत विरून जाते. शिवाय बाहूत आणखी एकेक आरसा बसवून प्रकाश सुमारे ३०० वेळा पुढेमागे फिरवतात, म्हणजे परिणाम तितका वाढतो.

आणि जमीन? दूरच्या समुद्राच्या लाटांनीही जमीन मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी हलत असते. आपल्याला हव्या असलेल्या हालचालीच्या ती अब्जावधी पट आहे. यावर उपाय लोलकाचा. किल्लीला दोरा बांधून हातात धरा. हात सावकाश हलवला तर किल्ली हाताबरोबर येते. हात झपझप हलवला तर किल्ली जवळजवळ जागेवर राहते. लायगोचा ४० किलोचा आरसा एकाखाली एक अशा चार लोलकांच्या शेवटी, काचेच्या बारीक तंतूंवर टांगलेला आहे. जमिनीची जलद थरथर प्रत्येक पायरीवर क्षीण होत जाते. सावकाश हालचाल लोलकाने थांबत नाही, तिला वेगळी यंत्रणा आवरते. पण सेकंदाला दहाएक कंपनांच्या खाली काही ऐकू येणं अवघडच राहतं. असा टांगलेला आरसा झोताच्या दिशेने जवळजवळ मोकळा असतो. फाइनमनचा मणी तो हाच.

आता येऊ १४ सप्टेंबर २०१५ वर. आपल्याकडे दुपारचे ३ वाजून २० मिनिटं झाली होती. आधी लिव्हिंग्स्टनच्या यंत्रात आणि मग सुमारे ७ सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्डच्या यंत्रात एक आंदोलन उमटलं. एकूण एक पंचमांश सेकंद. सुरुवातीला सेकंदाला ३५ कंपनं, मग चढत चढत सुमारे दीडशेपर्यंत, शेवटी एकदम विझलेलं. दोन ठिकाणांमधलं अंतर तोडायला प्रकाशाला १० सहस्रांश सेकंद लागतात. ७ हे त्यात बसतं.

या चढत्या सुरातून काय कळलं ते बघा. लहरीची वारंवारता फिरण्याच्या दुप्पट असते. म्हणजे शेवटी त्या दोन वस्तू एकमेकींभोवती सेकंदाला ७५ फेऱ्या मारत होत्या. सूर किती झपाट्याने चढला यावरून वस्तुमान निघतं, आणि दोघींचं मिळून ते आपल्या सूर्याच्या ६५ पटींच्या घरात येतं. एवढं वस्तुमान इतक्या वेगाने फिरायचं तर दोघींत अंतर फार तर काहीशे किलोमीटर हवं. त्यापेक्षा जवळ येऊनही एकमेकींना न धडकणारी इतकी जड आणि इतकी लहान वस्तू एकच, कृष्णविवर. तपशिलाने हिशेब केला तेव्हा ३६ आणि २९ सूर्यांइतकी दोन कृष्णविवरं मिळून ६२ चं एक झालेलं निघालं. उरलेले ३ सूर्य लहरींच्या रूपाने बाहेर पडले होते, १३० कोटी प्रकाशवर्षं दूर.

पण दुसरा प्रश्न उरतोच. हे योगायोगाने घडलं नाही कशावरून? आधी यंत्राभोवतीचे कंपनमापक, ध्वनिग्राहक, चुंबकमापक सगळे तपासले गेले. त्याच सेकंदाला आफ्रिकेत बुर्किना फासोवर एक प्रचंड वीज कोसळली होती, तिचाही विचार झाला. तिचा परिणाम फारच क्षीण निघाला. कुणी मुद्दाम खोटा संकेत घातला का, हेही पाहिलं. ही शंका उगीच नव्हती. २०१० मध्ये चाचणी म्हणून मोजक्या माणसांनी गुपचूप एक बनावट संकेत यंत्रात सोडला होता, बाकीच्यांनी महिनोन् महिने त्यावर काम करून शोधनिबंधही तयार केला, आणि मग २०११ च्या मार्चमध्ये पाकीट उघडून सांगण्यात आलं की तो बनावट होता. २०१५ ला असं काही घडलेलं नव्हतं.

आणि शेवटी आली वेबरांची कसोटी. दोन्ही यंत्रं एकदम नीट चालू असलेली १६ दिवसांची नोंद हाताशी होती. एकीची नोंद ०.१ सेकंदाने सरकवा आणि जुळण्या शोधा. आणखी ०.१ ने सरकवा, पुन्हा शोधा. १६ दिवसांत असे सुमारे १ कोटी ३८ लाख टप्पे बसतात. प्रत्येक टप्पा म्हणजे निव्वळ योगायोगाचे नवे १६ दिवस. गुणाकार केला की सुमारे ६ लाख वर्षं होतात. या ६ लाख वर्षांच्या बनावट नोंदीत त्या आंदोलनाइतकी जोरदार जुळणी एकदाही सापडली नाही. शोध तीन गटांत घेतला होता, म्हणून तिनाने भागून त्यांनी सावधपणे म्हटलं, असा योगायोग २ लाख ३ हजार वर्षांत एकदाहूनही कमी. मगच, ११ फेब्रुवारी २०१६ ला, जाहीर केलं.

या जुळण्या शोधण्याच्या पद्धतीत आपल्या पुण्याचाही वाटा आहे. गोंगाटात बुडालेला सूर शोधायचा तर तो कसा असेल याचे नमुने आधी तयार करून एकेक नमुना नोंदीवरून फिरवून पाहावा लागतो. असे नमुने किती आणि कसे निवडावेत, यावर आयुकात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून काम केलं. आणि कृष्णविवर जुळल्यावर त्याचा सूर कसा विझतो, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच दाखवलं होतं.

दोन यंत्रांची एक मर्यादा सांगून थांबतो. दोन कानांनी आवाज आला हे कळतं, पण कुठून हे धूसरच राहतं. पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून आकाशात एक वर्तुळाकार पट्टा मिळतो, बिंदू नाही. २०१५ चा उगम नेमका कुठे होता हे आजही सांगता येत नाही. त्यासाठी दूरवर आणखी यंत्रं हवीत. इटलीतलं व्हर्गो २०१७ पासून या कामात आलं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोचं भारतातलं यंत्र उभारायला केंद्र सरकारने २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. ते चालू होईल तेव्हा त्यालाही आधी हेच विचारलं जाईल, की तुमचं घड्याळ मुद्दाम सरकवल्यावर ही जुळणी नाहीशी होते का? झाली, तरच ती मानायची.